शाळेत प्रयोगशाळा हवी? प्रस्ताव ठरावापासून लिहायला घ्या

माझा पहिला प्रस्ताव अकरा पानांचा होता. विज्ञान शिक्षणाचं महत्त्व दोन पानं, पुरवठादाराच्या कॅटलॉगची झेरॉक्स सात पानं आणि उरलेल्या दोन पानांत विनंती. बैठक संपल्यावर मुख्याध्यापक बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, सगळ्यांना पटलं हो. पण नेमके किती पैसे हवेत, ते कुणालाच सापडलं नाही." विषय पुढच्या बैठकीवर गेला, पुढची बैठक चतुर्थीनंतर झाली आणि तोवर सगळे तो विसरून गेले होते.

गोव्यातल्या खेड्यापाड्यांतली बहुतेक अनुदानित हायस्कुलं एखादी नोंदणीकृत शिक्षण संस्था चालवते. तिचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, शाळेचे मॅनेजर ही माणसं आपापली दुकानं, बागायती, नोकऱ्या सांभाळून महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र बसतात. एका बैठकीत दहा विषय असतात. तुमच्या विषयाला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. त्या दहा मिनिटांच्या शेवटी इतिवृत्तात एक ठराव लिहिला जातो किंवा लिहिला जात नाही. म्हणून नव्यानं प्रस्ताव लिहिणाऱ्याला मी सांगते की आधी तो ठराव लिहा, मग तो मंजूर व्हायला जेवढं लागेल तेवढंच बाकीचं लिहा.

पुढचं सगळं एका नमुन्यावर सांगते. आठवी ते दहावी, प्रत्येकी एक तुकडी, मिळून ११४ मुलं. मोडक्या बाकांनी भरलेली एक जुनी खोली, ९ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. तिथं भौतिक, रसायन, जीव या तिन्हींसाठी एकच प्रयोगशाळा करायची आहे. अकरावी-बारावी असलेल्या शाळेला तिन्ही वेगळ्या लागतात. तो मामला निराळा.

पायरी पहिली: ठरावाचा मसुदा

कोरा कागद घ्या आणि सचिवांच्या जागी बसून लिहा:

"ठराव: विद्यालयाच्या तळमजल्यावरील खोली क्र. ७ मध्ये इयत्ता आठवी ते दहावीसाठी संयुक्त विज्ञान प्रयोगशाळा उभारण्यास मंजुरी देण्यात येत आहे. पहिल्या टप्प्यासाठी रु. २,७३,००० पर्यंतचा खर्च इमारत निधीतून करावा. काम मे महिन्याच्या सुट्टीत पूर्ण करावे. दरपत्रके तपासून पुरवठादार ठरवण्यासाठी मुख्याध्यापक, खजिनदार व ज्येष्ठ विज्ञान शिक्षक यांची उपसमिती नेमण्यात येत आहे."

कुठली खोली, किती रुपये, कुठल्या निधीतून, कधीपर्यंत, कोणाच्या जबाबदारीवर. यातलं एक जरी रिकामं राहिलं तर ठराव "तत्त्वतः मंजूर" होतो, आणि तत्त्वतः मंजूर झालेल्या गोष्टीचा चेक कोणी फाडत नाही. हा मसुदा प्रस्तावाच्या शेवटी जोडायचा. सचिवांना तो आयता मिळाला तर ते थोडेफार शब्द बदलून तोच वापरतात. एक बारीक गोष्ट म्हणजे संस्थेचं इतिवृत्त ज्या भाषेत लिहिलं जातं त्याच भाषेत प्रस्ताव लिहा. मराठी शाळा असूनही काही संस्थांचं दप्तर इंग्रजीत चालतं. तसं असेल तर भाषेवरून अडून बसू नका.

मसुदा लिहिताना जिथं हात अडतो तिथं माहिती कमी आहे असं समजा. "कुठल्या निधीतून" यापाशी बहुतेकांचा हात अडतो. त्यासाठी थेट हेडक्लार्ककडे जायचं. अनुदानाच्या हिशेबात हा खर्च बसतो का, संस्थेच्या कुठल्या खात्यात काय शिल्लक आहे, पालक-शिक्षक संघाकडून काही मिळू शकेल का, हे त्यांना तोंडपाठ असतं. खोली कोणाची, तेही विचारून घ्या. काही शाळांच्या इमारती देवस्थानाच्या किंवा कोमुनिदादीच्या जागेत असतात, काही भाड्याच्या असतात. नुसती आतली मांडणी बदलायची असेल तर फारसं अडत नाही. पण भिंत पाडायची किंवा बाहेर टाकी बांधायची झाली तर मालकाची लेखी संमती आणि पंचायतीचा परवाना हे दोन्ही प्रश्न बैठकीत येणारच.

पायरी दुसरी: यादी प्रयोगांवरून काढा

पुरवठादारांकडे "हायस्कूल पॅकेज" नावाची गोष्ट असते. त्यात मानवी सांगाडा, हृदयाची प्लास्टिकची प्रतिकृती, रंगीत तक्ते असं पुष्कळ असतं आणि पाहायला ते छान दिसतं. पण वर्गात लागणारी पाच कामाची मीटरं त्यात दोनच असतात. म्हणून पॅकेज बाजूला ठेवा आणि तिन्ही इयत्तांची पाठ्यपुस्तकं घेऊन बसा. प्रत्येक प्रयोगापुढे तीन गोष्टी लिहा: वस्तू, तिची क्षमता आणि किती संच.

संच किती, हे तुकडीवरून ठरतं. आपल्या ३८ मुलांच्या तुकडीच्या दोन बॅचेस केल्या तर एका वेळी १९-२० मुलं उभी राहतील. एका संचावर चार मुलं धरली तर पाच संच लागतात, आणि एक जादा. म्हणजे सहा. समितीत कोणी विचारलं, "सहाच का, चारात भागणार नाही का?" तर उत्तर तयार असतं: चार संच म्हणजे एका संचावर पाच मुलं, त्यातली दोन नुसती बघणार.

क्षमता लिहिणं किती महत्त्वाचं, ते एका उदाहरणावरून पाहा. ओहमच्या नियमासाठी लोक यादीत नुसतं "अ‍ॅमीटर, ६ नग" लिहितात. पुरवठादार त्याच्याकडे पडलेले ०–३ अँपिअरचे पाठवतो. आता हिशेब करा. दोन सेल म्हणजे ३ व्होल्ट आणि रोध १० ओहम, म्हणजे प्रवाह ०.३ अँपिअर. तीन अँपिअरच्या मीटरवर काटा जेमतेम एक दशांश सरकणार. मीटरचा एक भाग ०.०५ अँपिअरचा असेल तर मुलांची सगळी वाचनं पहिल्या सहा भागांत कोंबली जातात आणि आलेख काढायला काही उरत नाही. तेच मीटर ०–५०० मिलिअँपिअरचं असेल, तर काटा निम्म्याच्या पुढे जातो आणि सरळ रेषा डोळ्यांना दिसते. दोन्ही मीटरं दिसायला सारखीच, किमतीतही फार फरक नाही. फरक पडतो तो यादीत लिहिलेल्या एका ओळीनं. मी हे नंतर शिकले, कारण आमच्या कपाटात ३ अँपिअरची सहा मीटरं अजून नवीकोरी पडून आहेत.

तसंच भिंगांचं आणि आरशांचं. "बहिर्वक्र भिंग" एवढंच लिहू नका, नाभीय अंतर १०, १५ आणि २० सेंटिमीटर असं लिहा. वर्गाच्या खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा कागदावर घ्यायची, तर एवढ्या अंतराचं भिंग सोयीचं. तापमापी पाऱ्याची नको. फुटली की पारा फरशीच्या फटींत जातो आणि तिथंच राहतो. लाल स्पिरिटची घ्या, पण ती ११० अंशांपर्यंत जाणारी आहे हे लिहा. नाहीतर पाण्याचा उत्कलनबिंदू मोजायच्या दिवशी ५० अंशांची तापमापी हातात येते.

रसायनांचा अंदाज तर बहुतेक प्रस्तावांत चार-पाच पट फुगलेला असतो. आपल्या नमुन्यात तीन इयत्ता, दोन बॅचेस, पाच गट, म्हणजे एकूण ३० गट. एका गटाला एका प्रयोगाला २० मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल पुरतं, म्हणजे ६०० मिलिलिटर. वर्षात असे चार प्रयोग धरले तर २,४०० मिलिलिटर. तीव्र आम्लाचं साधारण बारापट पाणी करून विरल आम्ल होतं (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही), म्हणून वर्षाला तीव्र आम्ल लागतं फक्त २०० मिलिलिटर. अर्ध्या लिटरची एक बाटली दोन वर्षं पुरते. अडीच लिटरचा कॅन मागवला तर तो सांभाळायचा कुठं हा प्रश्न तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेतलात. सोडियम हायड्रॉक्साइडचंही तेच. त्याच्या दाण्यांना हवेतली ओल खेचून घ्यायची खोड असते. आपल्या जुलै महिन्यात एकदा उघडलेल्या बाटलीतलं सोडियम हायड्रॉक्साइड काही आठवड्यांत चिकट लगदा होतं. लहान बाटली, घट्ट झाकण.

हा हिशेब प्रस्तावाला परिशिष्ट म्हणून जोडा, पण एका पानावर. खजिनदारांनी तो वाचला नाही तरी तो केलेला आहे हे त्यांना दिसतं, आणि दरात घासाघीस करताना नगांना कात्री लागत नाही.

पायरी तिसरी: खोलीचा नकाशा

आर्किटेक्ट नको. चौकटीच्या वहीच्या पानावर, एक चौकट म्हणजे अर्धा मीटर, असा हातानं काढलेला नकाशा पुरतो. मात्र माप टेपनं स्वतः घ्या. शाळेच्या जुन्या कागदावरची मापं चिऱ्यांच्या जाड भिंती धरून लिहिलेली असतात आणि आतली खोली प्रत्यक्षात हातभर लहान निघते.

आमच्या नमुन्यात पाण्याचं सगळं काम एकाच भिंतीला ठेवलं आहे: बाहेरच्या, म्हणजे मागच्या अंगणाकडच्या, ९ मीटरच्या भिंतीला. तिथं ६० सेंटिमीटर रुंदीचा प्लॅटफॉर्म आणि तीन सिंक. मधल्या जागेत १.२ बाय ०.९ मीटरची पाच टेबलं, प्रत्येकी चार मुलांची, दोन या बाजूला आणि दोन त्या बाजूला. दोन टेबलांमध्ये आणि टेबल नि प्लॅटफॉर्ममध्ये मीटरभर वाट. पुढे फळा आणि शिक्षकाचं टेबल, मागे कपाटं. प्रत्येक टेबलाला नळ आणि सिंक द्यायचा मोह आवरा. त्यासाठी फरशी खणावी लागते, खर्च वाढतो, आणि कधीतरी एखादा पाइप गळायला लागला तर तो कुठला हे कळत नाही.

आता प्लॅटफॉर्मच्या दगडाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं ठेकेदार हमखास स्वस्त वाट दाखवतो. "बाई, कडप्पा घालूया. काळाच असतो, ग्रॅनाइटसारखाच दिसतो." दिसतो, हे खरं. पण कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब त्यावर टाका, बारीक बुडबुडे येतात आणि पुसल्यावर पांढुरका डाग उरतो. कार्बोनेटवर आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइड निघतो, हा तर मुलांना शिकवायचाच धडा. पण तो प्लॅटफॉर्मवर रोज घडायला नको. वर्षभरात त्या दगडाला खड्डे पडतात. ग्रॅनाइटवर तोच थेंब काही न करता पडून राहतो. ठेकेदारानं आणलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर बैठकीच्या आधी हा प्रयोग करून पाहा. मी तो तुकडा बैठकीतच नेला होता. प्लॅटफॉर्मच्या दरावरची चर्चा दोन मिनिटांत संपली.

सिंकचं पाणी जातं कुठं, हा प्रश्न विहीर असलेल्या प्रत्येक शाळेत कोणी ना कोणी विचारणार, आणि तो विचारायलाच हवा. उत्तर प्रस्तावातच लिहा. वापरलेलं आम्ल आणि अल्कली प्लास्टिकच्या टबमध्ये गोळा करायचं, खाण्याचा सोडा घालून फसफस थांबेपर्यंत उदासीन करायचं, मग भरपूर पाण्यासोबत सोडायचं. मोरचुदाचं द्रावण मात्र सिंकमध्ये जाऊ द्यायचं नाही, कारण तांबं सेप्टिक टाकीतल्या जिवाणूंना मारतं. ते झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं. सिंकची नळी सोकपीटपर्यंत पीव्हीसीची, आणि सोकपीट विहिरीपासून लांबच्या बाजूला. नकाशावर विहीर दाखवा. ती नकाशात नसेल तर लोकांच्या मनात ती खोलीच्या दारातच असते.

ओलीचा मुद्दाही इथंच येतो. जूनपासून चार महिने हवा दमट असते. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर जाळ्यासारखी बुरशी चढते, आरशांचा मुलामा कडेकडेनं सुटतो. म्हणून काचेच्या दाराचं लाकडी कपाट, आत बारीक छिद्रांची फळी, सिलिका जेलच्या पुड्या. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की तव्यावर तापवून पुन्हा निळं करायचं. आणि रसायनांचं कपाट वेगळं, शक्यतो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जाळीच्या दाराचं. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली कितीही घट्ट बसवली तरी तिची वाफ थोडी थोडी निघतच राहते. तिच्याशेजारी ठेवलेल्या मीटरांचे स्क्रू आणि लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत गंजतात. आम्ल सगळ्यात खालच्या फळीवर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवायचं, म्हणजे बाटली कलंडली तरी तोंडावर येत नाही.

वीजकामाचं थोडक्यात सांगते: नीट अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, सिंकपासून लांब प्लग, एक एक्झॉस्ट पंखा. अग्निशामक नळकांडं दाराजवळ, खोलीच्या आत टोकाला नव्हे. गॅसची पाइपलाइन पहिल्या टप्प्यात मागू नका. हायस्कूलच्या प्रयोगांना स्पिरिटचे दिवे पुरतात आणि "गॅस" हा शब्द आला की चर्चा दुसरीकडेच जाते.

पायरी चौथी: दरपत्रकं आणि अंदाजपत्रक

तीन दरपत्रकं घ्या, पण तिघांना एकच यादी द्या. प्रत्येकानं आपापल्या यादीवर दर दिले तर तुलना होत नाही. प्रत्येक दरपत्रकात चार गोष्टी लिहून मागा: जीएसटी धरून की सोडून, शाळेच्या दारापर्यंत वाहतूक कोणाची, वाटेत फुटलेली काच बदलून देणार का, आणि दर किती दिवस लागू. शाळांची बरीच उपकरणं हरयाणातल्या अंबाल्याहून येतात. घाट उतरून येईपर्यंत एखाद्या खोक्यातून खुळखुळ ऐकू येते, तेव्हा तिसरी गोष्ट विसरू नका. आणि दर निदान ९० दिवस लागू असू द्या. डिसेंबरची बैठक जानेवारीवर ढकलली गेली तर ३० दिवसांचं दरपत्रक रद्दी होतं.

आमच्या नमुन्याचं अंदाजपत्रक असं. आकडे पद्धत समजावी म्हणून गोल केलेले आहेत. तुमच्या दरपत्रकांतले घाला.

प्लॅटफॉर्म, सिंक, नळ व सांडपाणी: १,१०,०००
पाच टेबलं: ६०,०००
वीजकाम, एक्झॉस्ट: ३५,०००
सुरक्षा साहित्य: १५,०००
रसायनांचं कपाट: १५,०००
काचसामान व रसायनं: २५,०००
पहिला टप्पा: २,६०,०००

उपकरणांची कपाटं: ३०,०००
उपकरणं: १,२०,०००
दुसरा टप्पा: १,५०,०००

प्रत्येक टप्प्यावर ५ टक्के आकस्मिक खर्च धरला की पहिला २,७३,००० चा होतो, दुसरा १,५७,५०० चा. एकूण ४,३०,५००.

टप्पे पाडताना लोक उलटं करतात. उपकरणं आधी घेतात, कारण ती उद्घाटनाच्या फोटोत दिसतात. नळ-वीज "पुढच्या वर्षी". मग पुढच्या वर्षी भिंत फोडताना सिमेंटची धूळ सूक्ष्मदर्शकांवर बसते. जे भिंतीत आणि फरशीत जातं ते पहिल्या टप्प्यात करा. पहिला टप्पा झाला की रसायन आणि जीवशास्त्राचे बरेचसे प्रयोग जुन्या एक-दोन सूक्ष्मदर्शकांवर सुरू होऊ शकतात. म्हणजे दुसरा टप्पा लांबला तरी खोली ओस पडत नाही. प्रस्तावात हे एका वाक्यात लिहा, खजिनदारांना ते फार आवडतं.

वार्षिक खर्चाची ओळ बहुतेक प्रस्तावांत नसतेच, आणि समितीतल्या जुन्या माणसांना तीच हवी असते. रसायनं आणि फुटतूट १२,०००, मीटर-सूक्ष्मदर्शकांची दुरुस्ती ६,०००, अग्निशामकाची तपासणी व भरणी २,०००. वर्षाला २०,०००, म्हणजे ११४ मुलांमागे डोई साधारण १७५ रुपये. हा आकडा तुम्ही आधी सांगितलात तर "नंतर दर वर्षी किती मागणार कोण जाणे" हा सूर निघत नाही.

देणगीदार किंवा कंपनीचा सीएसआर निधी मिळवायचा विचार असेल तर तो प्रस्तावात "मिळेल" म्हणून लिहू नका. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाखाली शिक्षणावर खर्च करता येतो हे खरं, पण कंपनी आधी संस्थेचा मंजूर ठराव आणि कागदपत्रं मागते. म्हणून आधी संस्थेचा ठराव, मग कंपनीचं दार.

पायरी पाचवी: आता पत्र

इतकं झालं की पत्र एका बैठकीत लिहून होतं. दोन पानं, त्याहून जास्त नाही. ते शिक्षकाकडून थेट संस्थेला जात नाही, मुख्याध्यापकांमार्फत जातं. ही पायरी गाळलीत तर मजकूर कितीही चांगला असो, पत्र परत येतं.

"प्रति, मा. सचिव, ......... शिक्षण संस्था, ता. सत्तरी, गोवा.
मार्फत: मा. मुख्याध्यापक, ......... विद्यालय.
विषय: खोली क्र. ७ मध्ये संयुक्त विज्ञान प्रयोगशाळा उभारण्याचा प्रस्ताव. पहिला टप्पा रु. २,७३,०००.

महोदय,

विद्यालयात इयत्ता आठवी ते दहावीत ११४ विद्यार्थी आहेत. सध्या प्रयोग वर्गातच, शिक्षकाच्या टेबलावर करून दाखवले जातात. पाठ्यपुस्तकातील २६ प्रयोगांपैकी विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले प्रयोग गेल्या वर्षी ५ होते (परिशिष्ट १). पाण्याची व सांडपाण्याची सोय नसणे हे त्याचे मुख्य कारण आहे.

खोली क्र. ७ सध्या मोडके बाक ठेवण्यासाठी वापरली जाते. तेथे प्रयोगशाळा केल्यास आठवड्यातून सहा जोडतासिका घेता येतील. वेळापत्रक परिशिष्ट २ मध्ये जोडले आहे..."

विषयाच्या ओळीतच रक्कम आहे, ती मुद्दाम. विषयपत्रिकेवर हीच ओळ जशीच्या तशी छापली जाते आणि सभासद बैठकीला येतानाच आकडा वाचून येतात. "२६ पैकी ५" यासारखा आकडा तुमच्या शाळेचा काढा. मुलांच्या प्रयोगवह्या मोजल्या की तासाभरात तो मिळतो. तो खरा असला पाहिजे. समितीत एखाद्या पालकाचं मूल तुमच्याच वर्गात असतं.

वेळापत्रक जोडण्याचं कारण वेगळं. तीन तुकड्या गुणिले दोन बॅचेस, म्हणजे सहा जोडतासिका होतात. पण एक बॅच प्रयोगशाळेत असताना दुसरी कुठं बसणार आणि कोणाकडे? हे मुख्याध्यापकांसोबत बसून आधी सोडवा. आम्ही दुसऱ्या बॅचला त्या वेळी गणिताचा सराव दिला आणि गणिताच्या सरांची संमती आधीच घेतली. हे न करता गेलात तर पहिला विरोध शिक्षकांच्या खोलीतूनच येतो.

पत्रात काय नको, तेही सांगते. प्रयोगशाळा सहाय्यकाचं पद या प्रस्तावात मागू नका. अनुदानित शाळेत पदाची मंजुरी शिक्षण संचालनालयाकडून येते, संस्थेच्या हातात ती नसते. ती मागणी घातली की सगळाच प्रस्ताव "पर्वरीहून उत्तर येईपर्यंत" थांबतो. त्याऐवजी लिहा की तासाची शेवटची दहा मिनिटं मुलं स्वतःचं साहित्य धुऊन जागेवर ठेवतील आणि किल्ली विज्ञान शिक्षकाकडे राहील.

पायरी सहावी: बैठकीतले दोन प्रश्न

"रोबोटिक्सची खोली आहे ना आपल्याकडे, तीच वापरा." कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना शाळांत आल्यापासून हा प्रश्न हमखास येतो. भांडू नका. त्या खोलीत संगणक आणि सर्किटं आहेत, पाणी नाही आणि असूही नये, एवढंच सांगा. आम्लाची वाफ संगणकांच्या बोर्डांचं काय करेल, हेही शांतपणे सांगता येतं.

दुसरा प्रश्न: "अपघात झाला तर जबाबदार कोण?" इथं "होणार नाही" असं कधीही म्हणू नका. तीव्र आम्ल फक्त शिक्षक हाताळणार, मुलांना विरलच मिळणार, चष्मे सक्तीचे, डोळ्यांत काही गेलं तर नळाखाली निदान पंधरा मिनिटं डोळे धुवायचे आणि मग दवाखाना, प्रत्येक तासाला शिक्षक हजर नसेल तर खोली बंद. हे पाच नियम एका पानावर लिहून, खाली स्वतःची सही करून न्या. सही बघितल्यावर चर्चेचा सूर बदलतो.

प्रस्ताव डिसेंबरमध्ये द्या. जानेवारी-फेब्रुवारीत ठराव झाला तर पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात रक्कम जाते आणि मेच्या सुट्टीत काम होतं. जूनमध्ये घातलेलं प्लास्टर सुकायला दसरा येतो. देताना कार्यालयातल्या आवक नोंदवहीत क्रमांक टाकून घ्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का.

बैठकीनंतर चारेक दिवसांनी इतिवृत्ताची नक्कल मागा. त्यात "प्रयोगशाळेबाबत चर्चा झाली व सर्वांनी सहमती दर्शवली" एवढंच असेल तर अजून काहीच झालेलं नाही. लगेच सचिवांना भेटून रक्कम आणि निधी पुढच्या बैठकीत घालून घ्या. रक्कम असेल तर उपसमितीची तारीख त्याच दिवशी ठरवा. आणि सामान येईल तेव्हा खोकी मोजून घेऊ नका, उघडून मोजा. प्रत्येक अ‍ॅमीटरची तबकडी वाचा, तिच्यावर ५०० मिलिअँपिअर आहे हे पाहा, आणि मगच डेड स्टॉक रजिस्टरात नोंद करून चलनावर सही करा.